फ्रंट लोडचा फिल्टर अर्धा फिरून अडकलाय, आत नाणं आहे आणि बहुतेक पिनही

मृण्मयी_के · शनिवार, सकाळी १०:१२

मंडळी, जरा तातडीचं आहे. सात किलोची फ्रंट लोड, सहा वर्षं झाली. काल रात्री धुणं अर्धवट राहिलं, स्क्रीनवर OE आलं. दाराच्या काचेतून अजून पाणी दिसतंय, कपडे त्यात तरंगताहेत. पाणी सोडायची वेळ झाली की खालून नुसतं ‘घुंऽऽ’ येतं, मधेच एकदा ‘टक्’, मग सगळं गप्प. लेकीच्या स्कर्टचा खिसा मी तपासला नव्हता. ती म्हणते खिशात सुट्टे पैसे होते आणि डोक्यातली यू पिनही तिने तिथेच ठेवली होती.

खालची उजवीकडची छोटी झडप उघडली. आत फिल्टरची मूठ आहे. डावीकडे फिरवली, अर्धा वेढा बसला आणि अडकली. तेवढ्यात कडेने पाण्याची धार लागली म्हणून घाबरून परत उजवीकडे घट्ट केली. नवरा पक्कड घेऊन उभा आहे. लावू देऊ का?

गजानन७७ · १०:२०

लावू द्या की. माझी पण अशीच बसली होती. पक्कड लावून एक झटका दिला, सुटली. क्षार धरतात हो, टँकरचं पाणी. नाणं असेल तर चुंबक घालायचं, आपोआप येतं बाहेर. सर्व्हिसवाला नुसतं यायचे पाचशे घेतो.

सुलक्षणाकाकू · १०:३१

अगं फिल्टर खाली कुठे शोधतेस? वरचं झाकण उघड, आत टबाच्या कडेला जाळीची पिशवी असते. ती खेचून काढायची आणि नळाखाली उलटी करायची. माझी मी दर रविवारी करते.

मृण्मयी_के · १०:३४

काकू, माझ्या मशीनचं दार समोर आहे. तशी पिशवी यात नसते.

नाना_वर्कशॉप · १०:४८

पक्कड खाली ठेवा आधी.

ताई, तुमचा फिल्टर घट्ट बसलेला नाही. घट्ट असता तर पहिला अर्धा वेढाही बसला नसता. तो आटा सोडून पुढे आला आणि मग आतून कुणीतरी धरला. क्षाराने बसलेला फिल्टर सुरुवातीलाच हलत नाही. अर्ध्यात अडकलेला म्हणजे आत वस्तू आहे. गजाननरावांचा पहिल्या प्रकारचा होता, तुमचा दुसऱ्या. दुसऱ्याला झटका दिला की मूठ हातात येते आणि बाकीचा फिल्टर आत राहतो. किंवा आट्याचं प्लास्टिक चिरतं, मग नवा फिल्टर घेतला तरी गळतच राहतो, कारण चीर पंपाच्या घरात असते.

तुमचा आवाज ऐकूनच बरंच कळतंय. ‘घुं’ येतोय म्हणजे पंपाच्या मोटरला वीज मिळतेय, पण पंखा अडलाय. आवाजच नसता तर वायर किंवा मोटर बघायला लागली असती. नेहमीसारखा आवाज येऊन पाणी गेलं नसतं तर पाइप नाहीतर लिंटचा बोळा.

आता सांगा: प्लग काढलाय, का नुसतं बटण बंद केलंय? काल धुणं गरम पाण्याचं होतं का? आणि मूठ उजवीकडे नेल्यावर धार पूर्ण थांबली का?

मृण्मयी_के · १०:५५

बटण बंद आहे. ४० डिग्रीवर लावलं होतं, पण रात्रीपासून तसंच आहे, गार झालंय. धार पूर्ण थांबली.

नाना_वर्कशॉप · ११:०९

प्लग बाहेर ओढा. जुन्या वायरिंगमध्ये बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बटण बंद दिसतं आणि मशीनपर्यंत करंट येतच असतो. हात ओले असणार, फरशी ओली असणार, त्यात जुगार नको. जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड पडला असेल तर तोही उचलून वर ठेवा. नळाची तोटी बंद करा. ६० किंवा ९० वर लावलं असतं तर मी सांगितलं असतं, दोन-तीन तास हात लावू नका, ते पाणी भाजतं.

आता पाणी. काचेत दिसतंय म्हणजे दहा-पंधरा लिटर तरी धरा. ते फिल्टरच्या तोंडातून काढायचं नाही. झडपेच्या आत, फिल्टरच्या शेजारी, बोटाएवढा रबरी पाइप खोबणीत दाबून बसवलेला असतो, टोकाला बूच. सगळ्या मशीनना नसतो, आधी बघा.

मृण्मयी_के · ११:१६

आहे! सहा वर्षांत दिसला नव्हता. वीतभर बाहेर येतो. मशीन ड्राय बाल्कनीत आहे, जमिनीला जाळी आहे.

नाना_वर्कशॉप · ११:२१

मग नशीबवान आहात. पाइपाचं तोंड जाळीकडे करा, बूच काढा आणि वायपर घेऊन बसा. बारीक धारेने जातं, वेळ लागतो. धार संपली तरी कपडे निथळत राहतात, तेव्हा पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा. पाणी दाराच्या खाली गेलं की कपडे काढून बादलीत टाका. ओले कपडे आत ठेवून पुढचं काम करू नका. का, ते नंतर सांगतो.

रेवती_नाशिक · ११:३०

ज्यांच्याकडे जाळी नाही त्यांच्यासाठी: आमचं मशीन स्वयंपाकघरात आहे आणि तो पाइप नाही. फिल्टर जमिनीपासून चार बोटांवर, खाली परातही शिरत नाही. मी केराची प्लास्टिकची सुपली घेते. नवी, यासाठीच ठेवलेली. तिची चपटी बाजू फिल्टरखाली सरकते. मूठ पाव वेढा सोडायची, सुपली भरली की मूठ घट्ट, सुपली बादलीत. मशीन रिकामं झालंय असं वाटतं तेव्हाही दीड-दोन लिटर निघतंच. मागच्या वेळी सात सुपल्या निघाल्या.

कोकणी_बाणा · ११:३४

सात सुपल्या! आमच्याकडे पावसात गळक्या छपराखाली हाच हिशोब असतो.

गजानन७७ · ११:४०

नाना, आटा पूर्ण सोडायच्या आधी थोडं गंजाचं स्प्रे तेल मारलं तर? आमच्या सोसायटीचा प्लंबर सगळ्याला तेच मारतो.

नाना_वर्कशॉप · ११:४६

लोखंडी नटाला मारा. इथे आटा प्लास्टिकचा आणि सील रबराचं. पेट्रोलियमचं तेल लागलं की काही रबरं फुगतात, मग तोच फिल्टर परत बसताना कुरकुरतो. निसरडं हवं असेल तर भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात. क्षाराने बसलेला असेल तर कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड कालवून, त्यात बुडवलेलं फडकं मुठीभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवायचं. पण ताईंचं ते प्रकरण नाही.

मृण्मयी_के · दुपारी १२:२५

पाणी गेलं. कपडे काढले. आता मूठ फिरवली तर थेंब-दोन थेंबच. पण परत तिथेच अडकते, अर्ध्या वेढ्यावर. टोकाला गेलं की आत काहीतरी कडक लागल्यासारखं वाटतं.

नाना_वर्कशॉप · १२:४१

‘कडक लागतं’ हेच महत्त्वाचं. आत काय होतंय ते डोळ्यांपुढे आणा. फिल्टरला मागच्या बाजूला कंगव्यासारखे दात असतात. तो ज्या नळकांड्यात बसतो तिथे टबाचं पाणी जाड रबरी होजमधून वरून पडतं. नाणं वरून आलं आणि दात आणि नळकांड्याची भिंत यांच्यामध्ये उभं राहिलं. तुम्ही डावीकडे फिरवता तेव्हा दात त्याला भिंतीवर आणखी दाबतात. जितका जोर लावाल तितकी पाचर घट्ट. म्हणून जोर त्याच दिशेने कामाचा नाही.

उजवीकडे, म्हणजे घट्ट करायच्या दिशेने, पाव वेढा न्या. पाचर सैल होते. तिथे मूठ धरून स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने फिल्टरच्या तोंडाच्या आजूबाजूला हलके टकटक करा, कुणाच्या दारावर वाजवतो तेवढंच. मग परत डावीकडे. अडकलं की जोर न लावता पुन्हा उजवीकडे. असं दहा-पंधरा वेळा. नाणं कलंडायला पाहिजे, बाकी काही नाही.

नाही जमलं तर मशीन मागे कलवायचं. दोघांनी वरच्या कडेला धरून पुढचे पाय जरा उचलायचे, तिसऱ्याने दोन्ही पायांखाली दोन इंचाची पट्टी सरकवायची. मागच्या पाइपावर आणि वायरवर मशीन टेकत नाही ना, ते आधी बघा. फिल्टरच्या तोंडाकडचा भाग वर जातो आणि नाणं दातांपासून मागे घसरतं. याचसाठी कपडे काढायला सांगितले. आत काँक्रीटचं वजन बांधलेलं असतं, मशीन मुळातच साठ-सत्तर किलोचं. एकटीने उचलू नका आणि खाली हात घालायचा नाही.

सुलक्षणाकाकू · १२:५०

बरं, माझा प्रश्न राहिला. माझ्या वरून झाकणाच्या मशीनमध्ये नाणं गेलं तर? परवा नातवाचं गेलंय. पाणी भरतं पण थांबतच नाही, भरता भरता मोरीतून वाहून जातं.

नाना_वर्कशॉप · १२:५८

काकू, तुमचं वेगळं दुखणं आहे. तुमच्यासारख्या बऱ्याच मशीनना पंपच नसतो. खाली झडप उघडते आणि पाणी आपल्या वजनाने मोरीत जातं. झडपेच्या तोंडात नाणं किंवा पिन आडवी बसली की ती पूर्ण मिटत नाही. हिचं पाणी जात नाही, तुमचं राहत नाही. ती झडप मागची पत्र्याची बाजू उघडल्याशिवाय दिसत नाही, मेकॅनिकला बोलवा. जाळीची पिशवी धुवून ते जायचं नाही.

सुलक्षणाकाकू · १:०२

बघा, मी तेच म्हणत होते की जाळी नीट धुवायला हवी.

मृण्मयी_के · १:३५

निघालं!!!

टकटक करून नुसता घाम आला. मग शेजारच्या दादांना बोलावलं, दोघांनी उचललं, मी दाराखालची लाकडी पट्टी सरकवली. मूठ उजवीकडे, मग डावीकडे, आणि आतून ‘टिंग’ आवाज आला. पुढच्या वेढ्याला फिल्टर सरळ हातात. त्यावर केसांचा आणि लिंटचा राखाडी बोळा, एक शर्टाचं बटण, आणि नळकांड्यात तळाला दोन रुपयांचं नाणं. चिमट्याने काढलं.

पण पिन नाही. पंखा बोटाने फिरवला तर फिरतो, पण झटके देत. म्हणजे अडकलाय ना अजून?

गजानन७७ · १:४१

नवा पंप घ्या. पंखा गरगर फिरायला हवा. माझ्या कूलरचा बघा कसा फिरतो.

नाना_वर्कशॉप · १:५०

थांबा थांबा. कूलरशी तुलना नको. या पंपाच्या पंख्याला मागे कायमच्या चुंबकाचा रोटर असतो. बोटाने फिरवला की टप्प्याटप्प्याने, झटके देत फिरतो, सोडला की जवळच्या टप्प्यावर जाऊन बसतो. तो तसाच असतो. मी असे चांगले पंप भंगारात गेलेले पाहिलेत.

तुम्हाला बघायचंय ते असं. प्लग काढलेलाच आहे ना, पुन्हा बघा. एक पूर्ण फेरी हळू फिरवा. सगळे झटके सारखे हवेत. एका जागी पंखा पक्का थांबला किंवा प्लास्टिकवर धातू घासल्याची करकर आली, तर पिन तिथे. बोटाच्या टोकानेच, पातींवर जोर नको. आत बोट घालण्याआधी मोबाइलचा टॉर्च धरून बघा. मोडलेली पिन बोटात शिरते.

मृण्मयी_के · २:०८

एका जागी अडतो. टॉर्च लावल्यावर पातीच्या मागे काळं काहीतरी दिसतंय, केसासारखं पण चमकतंय. यू पिनचं एक टोक. दुसरं टोक पंख्याखाली गेलंय. नवरा परत पक्कड दाखवतोय.

रेवती_नाशिक · २:१५

माझ्याकडे असंच झालं होतं, पण ती ब्राची तार होती. ओढली तर एक पाती तुटली. पंप चालत होता, पण थरथरायचा, तीन महिन्यांत बदलावा लागला. ओढू नका.

नाना_वर्कशॉप · २:२४

रेवतीताईंनी सांगितलं तेच. पिन नाण्यासारखी नसते, फिल्टरच्या दातांमधून उभी निसटते आणि पंख्यात जाते. सरळ ओढली की तिचा बाक पातीत अडकतो आणि पाती मोडते.

लांब नाकाची पक्कड असेल तर तिने टोक नुसतं धरा, ओढू नका. दुसऱ्या हाताच्या बोटाने पंखा अडतो त्याच्या उलट्या दिशेला एक झटका फिरवा. पिन थोडी सैल येते, तेवढीच घ्या. परत एक झटका, परत थोडी घ्या. पिन ओढून येत नाही, पंखा मागे फिरवून सोडवायची असते. मधेच पातीखाली घट्ट झाली तर टोक अर्धा वेढा पिळा म्हणजे बाक आडवा होईल. अर्धा तास करूनही नाही आली तर थांबा. पुढे पंप खालून किंवा समोरचा पत्रा काढून सोडवायचा असतो, ते अंगणात केलं तर बरं, घरात पहिल्यांदाच करू नका.

गजानन७७ · २:३०

मी मगाशी चुंबक म्हणालो ते आता कामाला येईल की. पिन लोखंडी आहे.

नाना_वर्कशॉप · २:३६

पिनेला कामाचं आहे, पण ती सुटी झाल्यावर. अडकलेली पिन चुंबकाने निघत नाही. नाण्याचं म्हणाल तर रुपया आणि दोन रुपये, सध्याची स्टीलची, धरतं. पाचाचं पिवळं नाही धरत. आत पाचाचं असेल आणि तुम्ही चुंबक फिरवून ‘काही नाही’ म्हणालात, तर फसलात.

मृण्मयी_के · ३:०५

आली. पाच-सहा झटक्यांत. मधे एकदा अडली, पिळली, मग निघाली. पिनेवर काळा रंग राहिलाच नाहीये, एका जागी घासून चकचकीत झालीय. पंखा आता सगळीकडे सारखा फिरतो. पातीच्या कडेला एक बारीक ओरखडा आहे, तुटलेलं काही नाही.

आता लावू का फिल्टर?

नाना_वर्कशॉप · ३:१४

आधी फिल्टरच्या मुठीमागची रबरी रिंग काढून पुसा. एक केस जरी तिच्यावर राहिला तरी पाणी थेंबथेंब येतं. नळकांड्याच्या तोंडाचा आटा जुन्या टूथब्रशने साफ करा. फिल्टर सरळ धरून, आधी बोटाने डावीकडे किंचित फिरवा, आटा ‘टक्’ करून जागेवर बसल्यासारखा जाणवतो. मग उजवीकडे. तिरका गेला तर दुसऱ्या वेढ्यातच जड होतो, तेव्हा काढून पुन्हा. शेवटी थांबतो तिथे थांबा, मूठ बहुतेक मशीनवर उभी येते. हातानेच, पक्कड नको. छोट्या पाइपाचं बूच दाबून बसवा, लोक हेच विसरतात.

पट्टी काढून मशीन सपाट करा. डिटर्जंटच्या कप्प्यातून दोन लिटर पाणी ओता, झडप उघडी ठेवून खाली कोरडा कागद घाला. मग प्लग लावून नुसतं पाणी सोडायचं आणि पिळायचं लावा. कागद कोरडा राहिला तर झडप बंद करा.

मृण्मयी_के · ४:०२

पहिल्यांदा कागदाच्या कोपऱ्यावर ओल आली. प्लग काढला, पाणी काढलं, फिल्टर काढला, रिंगवर खरंच एक लांब केस होता. माझाच. परत लावलं. आता कोरडा. पाणी धडधडत गेलं, ‘घुं’ नाही. कपडे परत लावलेत.

एकच. लेक आता म्हणते की खिशात दोनाचं एक आणि पाचाचं एक होतं. पाचाचं कुठे आहे?

नाना_वर्कशॉप · ४:१५

दाराच्या रबराची घडी बोटाने चाचपून बघा, खालच्या बाजूला. तिथे नसेल तर ड्रम रिकामा असताना हाताने हळू फिरवा. खडखड किंवा सरकल्याचा आवाज आला तर ते ड्रम आणि बाहेरच्या टबामध्ये पडलंय. आवाज नसेल तर चालवा, पण पिळताना कान ठेवा.

रेवती_नाशिक · ४:२१

माझ्या मेकॅनिकचं म्हणणं वेगळं होतं. टबामध्ये नाणं असेल तर एकदाही पिळायचं लावू नका, जोरात फिरताना टबाला खड्डा पाडतं. मी चालवलं नाही, हीटर काढून तिथून काढून घेतलं.

नाना_वर्कशॉप · ४:३३

खरं आहे तेही. मी नाण्यावर वर्षभर चाललेली मशीन पाहिलीत आणि पिनेने पहिल्याच पिळणीत टब भोकसलेलंही पाहिलंय. पिन असती तर मीही नाही म्हणालो असतो. नाण्याबाबत मी आवाजावर ठरवतो. रेवतीताईंच्या मेकॅनिकचा मार्ग जास्त सुरक्षित आहे, खर्च जास्त आहे इतकंच.

गजानन७७ · ४:४०

मग फिल्टर किती दिवसांनी काढायचा? महिन्याला?

नाना_वर्कशॉप · ४:४४

घरात लहान मूल असेल तर मी महिन्याला म्हणतो. माझी बायको म्हणते, खिसे तपासा, फिल्टर कशाला. आमच्याकडे हा वाद वीस वर्षं चाललाय.

मृण्मयी_के · संध्याकाळी ७:२०

रबराच्या घडीत एक क्लिप आणि अर्धा खडू निघाला. ड्रम फिरवला, आवाज नाही. पाच रुपये नाहीत. लेकीला परत विचारलं, तर ती विचार करून म्हणाली, “बहुतेक ते मी कँटीनमध्ये दिले.”

सुलक्षणाकाकू · ७:४१

तरी एकदा जाळीची पिशवी बघच.